जुन्या पेजवरचे बॉट काढले, मग रीच खरंच वाढला का?

जुन्या इन्स्टाग्राम पेजवरून हजार-दोन हजार निर्जीव फॉलोअर काढले की एक आकडा लगेच सुधारलेला दिसतो, तो म्हणजे रीचचा टक्का. तो पाहून बरेच जण सफाई यशस्वी झाली असं ठरवतात आणि मोजणं थांबवतात. पण हा टक्का वाढण्यासाठी एकाही माणसाने तुमची पोस्ट जास्तीची पाहावी लागत नाही. पोस्ट पाहिलेल्या फॉलोअरना एकूण फॉलोअरनी भागून तो काढलेला असतो, त्यामुळे खालचा आकडा लहान केला की उत्तर मोठं येणारच. खरा प्रश्न वेगळा आहे: पोस्ट पाहणाऱ्या जिवंत माणसांची संख्या बदलली का? त्याचं उत्तर मिळवायला थोडी तयारी लागते, आणि ती सफाईच्या आधी करावी लागते. सफाई झाल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

आधी हे पाहू, की न पाहणारा फॉलोअर रीचला नुकसान करतो तरी कसा. सर्वत्र ऐकू येणारं स्पष्टीकरण असं: पोस्ट टाकली की ती आधी थोड्याशा फॉलोअरना दाखवली जाते, त्यात बॉट निघाले तर प्रतिसाद येत नाही, आणि पोस्ट तिथेच मरते. ऐकायला हे पटतं. पण इन्स्टाग्रामने २०२१ साली फीड कसं लागतं याची जी माहिती जाहीर केली, तिच्याशी ते नीट जुळत नाही. तिच्यानुसार क्रम लागतो तो पाहणाऱ्याच्या बाजूने. कुणी अ‍ॅप उघडलं की त्याने फॉलो केलेल्या पेजांच्या ताज्या पोस्ट गोळा होतात, आणि या माणसाने त्यातल्या प्रत्येकीवर काही सेकंद थांबण्याची, लाइक, कमेंट किंवा सेव्ह करण्याची, प्रोफाइल फोटोवर टॅप करण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधला जातो. जो दोन वर्षांत अ‍ॅप उघडत नाही, त्याच्यासाठी फीड लागतच नाही. तो तुमच्या पोस्टला नाकारत नाही. तो त्या खोलीत आलेलाच नसतो.

रीलच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट आहे. एप्रिल २०२४मध्ये इन्स्टाग्रामने सांगितलं की शिफारस करण्याजोगा मजकूर आधी अशा छोट्या गटाला दाखवला जाईल ज्याला तो आवडण्याची शक्यता आहे, मग ते लोक तुम्हाला फॉलो करत असोत वा नसोत. म्हणजे पहिली चाचणी तुमच्या फॉलोअर यादीतून डोळे मिटून उचललेल्या नावांवर होत नाही.

त्यामुळे माझी अपेक्षा स्पष्ट आहे. पूर्ण झोपलेली खाती काढल्याने फॉलोअरपर्यंतचा रीच जवळपास होता तिथेच राहायला हवा. त्याहून जास्त काही घडलं असं कुणी म्हणत असेल, तर ते मोजून दाखवायला हवं.

इथे एक भेद करून ठेवू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. 'निष्क्रिय फॉलोअर' या एका नावाखाली तीन निरनिराळे प्रकार येतात. पहिला बॉट, म्हणजे यंत्राने चालवलेलं खातं. विकत घेतलेले फॉलोअर बहुतेक यातले. दुसरा झोपलेला, म्हणजे खरा माणूस, पण खातं सोडून गेलेला. तिसरा मूक वाचक. तो रोज येतो, तुमची पोस्ट पूर्ण वाचतो, पण लाइक-कमेंट कधीच करत नाही. बाहेरून पाहिलं तर हे तिघे एकसारखेच दिसतात. पहिल्या दोघांना काढल्याने फारसं काही बिघडत नाही. तिसऱ्याला काढलं तर तुम्ही स्वतःचा वाचक हाकलून दिलेला असतो, आणि ते तुम्हाला कळवायलाही कुणी येत नाही. म्हणून 'गेल्या सहा महिन्यांत ज्याने लाइक केलं नाही तो काढा' हा नियम मला घातक वाटतो.

मग बॉट ओळखायचे कसे? एकेकट्या प्रोफाइलकडे पाहून फसगत होते. फोटो नाही, एकही पोस्ट नाही, नावामागे आकड्यांची शेपटी, हे सगळं नव्याने आलेल्या खऱ्या माणसाच्या खात्यातही असू शकतं. त्यापेक्षा भक्कम पुरावा असतो तारखेचा. विकत घेतलेले फॉलोअर थेंबाथेंबाने येत नाहीत, ते एक-दोन दिवसांत लोंढ्याने येतात. आणि प्रत्येक फॉलोअर कोणत्या दिवशी आला याची नोंद इन्स्टाग्राम तुम्हाला देतं.

त्यासाठी `Accounts Center` मध्ये जाऊन स्वतःच्या माहितीची प्रत मागवायची. मागवताना फक्त फॉलोअर आणि फॉलोइंगचा भाग निवडा, फॉरमॅट `JSON` ठेवा, आणि तारखेची मुदत `All time` करा. ही शेवटची गोष्ट हटकून विसरली जाते. मुदत लहान राहिली तर यादीत फक्त अलीकडचे फॉलोअर येतात आणि जुना लोंढा दिसतच नाही. मिळालेल्या फोल्डरमध्ये `followers_1.json` नावाची फाइल असते. पेज मोठं असेल तर `followers_2.json` वगैरेही असतात. पुढचा छोटा कोड त्या फाइलशेजारी ठेवून चालवला, की सर्वाधिक फॉलोअर आलेले पंधरा दिवस समोर येतात.

```python
import json
from collections import Counter
from datetime import datetime
from glob import glob

data = []
for name in glob("followers_*.json"):
    data += json.load(open(name))
days = Counter()
for f in data:
    t = f["string_list_data"][0]["timestamp"]
    days[datetime.fromtimestamp(t).date()] += 1

for day, n in days.most_common(15):
    print(day, n)
```

कोडची सवय नसेल तर तीच यादी `HTML` स्वरूपात मागवा. तिथे प्रत्येक नावाखाली तारीख छापलेली असते आणि नुसती यादी सरकवत गेलं तरी एकाच दिवसाची शेकडो नावं डोळ्यात भरतात. एक लक्षात घ्या, या यादीत आज शिल्लक असलेलेच फॉलोअर असतात. जे सोडून गेले किंवा इन्स्टाग्रामने स्वतः काढले, ते नसतात.

लोंढा दिसला म्हणजे सगळे बॉटच, असं मात्र नाही. एखादी रील खूप पसरली किंवा मोठ्या पेजने तुमचा उल्लेख केला, तरी एका दिवसात शेकडो खरे लोक येतात. बक्षीस योजना चालवली असेल तर तिच्यासाठी आलेली माणसंही अशीच एकदम येतात; ती खरी असतात, फक्त त्यांना तुमच्या विषयात रस नसतो. त्या दिवशी काय घडलं होतं हे आठवून, जुन्या पोस्ट चाळून पाहावं. तारखेला सांगण्यासारखं काहीच कारण सापडत नसेल, आणि त्या दिवशीच्या खात्यांमध्ये रिकामे प्रोफाइल, हजारोंना फॉलो करणारे पण स्वतःला कुणी फॉलो न करणारे जास्त असतील, तर संशय पक्का होतो. इन्स्टाग्रामवर एका खात्याला जास्तीत जास्त ७,५०० खात्यांना फॉलो करता येतं. त्या मर्यादेला टेकलेली, स्वतःची एकही पोस्ट नसलेली खाती एकाच दिवशी डझनांनी दिसली, तर आणखी पुरावा शोधत बसायची गरज नाही.

आता एक पेज धरू आणि पूर्ण हिशेब करून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण वर्णन जुन्या पेजांना लागू पडेल असंच आहे. सुलेखनाचं पेज, नऊ वर्षं जुनं, ९,२०० फॉलोअर. सुरुवातीच्या काळात पेज दुसऱ्या कुणाच्या हातात होतं आणि त्याने फॉलोअर विकत घेतले असावेत अशी शंका आहे.

पहिलं काम नमुना काढण्याचं. यादीतलं दर शेहेचाळिसावं नाव उचललं की २०० नावं होतात. यादी तारखेनुसार लावलेली असल्याने पेजच्या सगळ्या वयातली नावं त्यात येतात. नुसती वरची २०० घेतली तर सगळे अलीकडचे येतील आणि अंदाज चुकेल. ही २०० प्रोफाइल एकेक करून उघडायची. दोन तासांचं काम आहे, पण करण्यासारखं आहे. समजा त्यात ५८ संशयास्पद निघाली, म्हणजे २९ टक्के. इतक्या नमुन्यात चूकभूल वर-खाली साधारण ६ टक्के धरावी लागते. म्हणजे खरा आकडा २३ ते ३५ टक्क्यांत कुठेतरी, म्हणजेच अंदाजे २,१०० ते ३,२०० खाती. इकडे तारखांची मोजणी सांगते की २,१५० फॉलोअर फक्त तीन दिवसांत आलेले आहेत, आणि त्या दिवशी पेजवर काहीही घडलेलं नव्हतं. दोन स्वतंत्र वाटांनी आपण जवळपास एकाच ठिकाणी पोहोचलो. त्या तीन दिवसांतली बहुतेक आणि इतर दिवसांतली अगदी उघड दिसणारी, अशी मिळून २,४०० खाती काढायची ठरली.

काढण्याआधी मूक वाचक वाचवायचे. इन्स्टाग्राम पोस्ट कुणी पाहिली हे सांगत नाही, पण स्टोरी कुणी पाहिली हे नावानिशी सांगतं, आणि ती यादी स्टोरी टाकल्यापासून ४८ तासांपर्यंत उघडता येते. म्हणून सफाईच्या आधी चार-पाच आठवडे नियमित स्टोरी टाकायच्या आणि पाहणाऱ्यांची नावं उतरवून ठेवायची. काढायच्या यादीतलं एखादं नाव तिथे दिसलं, तर ते खातं सहसा ठेवावं. स्टोरी न पाहणारे पण पोस्ट वाचणारेही असतातच, त्यामुळे ही चाळणी अपुरी आहे. पण 'लाइक नाही म्हणजे माणूस नाही' यापेक्षा ती पुष्कळ बरी. काही संशयित खाती मुद्दाम तुमची स्टोरी पाहतात, तुमचं लक्ष वेधण्यासाठी. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या स्टोरींवर एकच नाव आलं का, हे पाहावं.

प्रत्यक्ष काढण्याचं काम साधं आणि कंटाळवाणं आहे. फॉलोअर यादीत नावासमोरचं `Remove` दाबायचं. समोरच्याला सूचना जात नाही. पेज सार्वजनिक असेल तर तो पुन्हा फॉलो करू शकतो. पुन्हा येऊच नये असं वाटत असेल तर ब्लॉक करावं लागतं. रोज किती काढणं सुरक्षित, याचा आकडा इन्स्टाग्राम जाहीर करत नाही. खूप झपाट्याने केलं तर काही काळ कृती अडवली जाते. रोज ६० च्या गतीने २,४०० खात्यांना चाळीस दिवस लागतात. एका क्लिकमध्ये सगळं साफ करून देण्याचं सांगणारी बाहेरची अ‍ॅप तुमचा पासवर्ड मागतात. तो देऊ नका. नऊ वर्षांचं पेज हातचं जाण्याची भीती यात बॉटपेक्षा मोठी आहे.

आता मोजमाप. यासाठी तीन गोष्टी आधीच ठरवून लिहून ठेवायच्या. एक, मोजायचं काय: फॉलोअरपर्यंतचा रीच, म्हणजे पोस्ट पाहिलेली फॉलोअर खाती, आकड्यात. इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम पेजमालकाला दाखवतं त्या आकडेवारीत, हा रीच फॉलोअर आणि इतर अशा दोन भागांत मिळतो. २०२४पासून इन्स्टाग्रामने 'व्ह्यूज' हा आकडा पुढे आणला आहे, पण त्यात एकाच माणसाने चारदा पाहिलं तर चार मोजले जातात, त्यामुळे आपल्या कामाला तो उपयोगी नाही. दोन, कोणत्या पोस्ट: फक्त फोटोच्या, रील वेगळ्या ठेवायच्या. एखादी रील लोकांनी उचलून धरली तर सगळा हिशेब तीच गिळून टाकते. तीन, किती दिवस: सफाईआधी आठ आठवडे, आठवड्याला दोन, अशा सोळा पोस्ट, सफाई संपल्यावर पुन्हा तितक्याच. मधल्या चाळीस दिवसांतल्या पोस्ट हिशेबात घ्यायच्याच नाहीत, कारण तेव्हा यादी रोज बदलत असते. या सगळ्या काळात पोस्टचे वार, वेळ आणि धाटणी शक्यतो तीच ठेवावी. सफाई केल्यावर हुरूप येतो, माणूस जास्त मेहनतीने पोस्ट करतो, आणि मग वाढ कशामुळे झाली हे कळत नाही.

सोळा पोस्टचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यायचा. सरासरी घेऊ नये. एकाच पोस्टने ती ओढली जाते. आपल्या पेजचा सफाईआधीचा मधला आकडा ६२०. म्हणजे ९,२०० फॉलोअरांपैकी ६२०, टक्क्यात ६.७.

आता सफाईनंतर, ६,८०० फॉलोअर असताना, मधला आकडा ६३५ आला. टक्का झाला ९.३. ६.७ वरून ९.३ म्हणजे मोठी झेप वाटते, हो ना? पण रीच जराही बदलला नसता, म्हणजे ६२० च राहिला असता, तरी टक्का ९.१ झाला असता. झेपेचा जवळपास सगळा भाग भागाकाराने दिलेला आहे. माणसांच्या बाजूने बदल आहे फक्त १५ चा.

हे १५ तरी सफाईचे आहेत का? याचं उत्तर देणारी सगळ्यात उपयोगाची युक्ती फुकट आहे आणि ती फार कमी जण वापरतात. सफाईआधीच्याच सोळा पोस्टचे पहिल्या आठ आणि नंतरच्या आठ असे दोन गट करा. त्या काळात काहीच काढलेलं नव्हतं, तेव्हा दोन्ही गट सारखे यायला हवेत. आपल्या पेजवर पहिल्या गटाचा मधला आकडा ५९०, दुसऱ्याचा ६६५. म्हणजे काहीही न करता हे पेज ७५ ने वर-खाली होतं. ज्या काट्याचं वजन आपोआप ७५ ने हलतं, त्यावर १५ चा फरक वाचता येत नाही. निष्कर्ष असा, की या पेजवर सफाईने फॉलोअरपर्यंतचा रीच बदलल्याचं दिसलं नाही. हाच निकाल वरच्या स्पष्टीकरणाशी जुळतो, कारण जे पाहतच नव्हते ते गेले.

फरक ७५ पेक्षा बराच मोठा, समजा दोनशेचा, आला असता तर? मग फॉलोअरांखेरीज इतरांपर्यंतचा रीच पाहावा. तोही त्याच काळात तितकाच उंचावला असेल, तर सगळ्याच पेजांना लाभलेला चांगला काळ किंवा तुमच्या पोस्टची सुधारलेली प्रत, यांपैकी काहीतरी कारण असेल. फॉलोअरांचाच रीच वाढला आणि बाकीचा स्थिर राहिला, तर सफाईकडे बोट दाखवायला थोडी जागा आहे. तेव्हाही एकाच पेजवरून खात्री देता येत नाही.

मला मात्र वाढीपेक्षा घट जास्त बोलकी वाटते. समजा सफाईनंतर मधला आकडा ४८० वर आला, आणि पुढच्या सोळा पोस्टमध्ये तो तिथेच राहिला. बॉट आणि झोपलेले गेल्याने असं होण्याचं कारण नाही, कारण ते आधीही मोजले जात नव्हते. मग सव्वाशे-दीडशे खरे वाचक चुकून काढले गेले असण्याची शक्यता सर्वात मोठी. काढलेल्याला परत आणण्याचं कोणतंही बटण नाही, त्यांनीच पुन्हा फॉलो करावं लागतं. म्हणून सफाई सुरू करण्याआधीची `followers_1.json` जपून ठेवायची आणि काढलेली नावं तारखेसह लिहायची. घट दिसली तर कोणत्या गटाने ती झाली हे त्या यादीवरून शोधता येतं, आणि उरलेलं काम तिथेच थांबवता येतं.

एक गडबड तुमच्या हातात नसते. इन्स्टाग्राम स्वतःही खोटी खाती काढतं; डिसेंबर २०१४मध्ये तर एकदम इतकी काढली होती की मोठमोठ्या खात्यांचे फॉलोअर लाखांनी कमी झाले. ट्विटरने जुलै २०१८मध्ये बंद करून ठेवलेली खाती फॉलोअरांच्या मोजणीतून वगळली. तुमच्या मोजमापाच्या काळात असं काही घडलं तर फॉलोअर आकडा तुम्ही काढलेल्यांपेक्षा जास्त उतरलेला दिसेल. दर सोमवारी एकूण फॉलोअर आणि त्या आठवड्यात काढलेली नावं टिपून ठेवली, की हा फरक वेगळा करता येतो.

रीच तसाच राहिला, तर एवढे कष्ट कशासाठी, असा प्रश्न येणं स्वाभाविक आहे. फायदा दुसरीकडे असतो. इनसाइट्समध्ये फॉलोअर कोणत्या शहरांत आहेत, कोणत्या वयाचे आहेत, हे दिसतं, आणि विकत घेतलेल्या लोंढ्याने ही माहिती पार बिघडवलेली असते. ज्या शहरांशी तुमचा काही संबंध नाही, ती यादीत वर बसलेली असतात. बॉट गेल्यावर ती उतरतात, आणि उरलेल्या खऱ्या वाचकांच्या हिशेबाने पोस्टची वेळ व भाषा ठरवता येते. कुणी जाहिरातीसाठी विचारलं तर ६,८०० फॉलोअर आणि ६३५ चा रीच हा आकडा तुम्ही समोरच्याला न संकोचता दाखवू शकता. हा फरक सफाईनंतर एक-दोन आठवड्यांत इनसाइट्सच्या शहरांच्या यादीत दिसायला हवा. आपल्या पेजवर लोंढ्यातली खाती ज्या दोन शहरांची होती, ती यादीतून गेली का, हे तिथे पाहायचं.

शेवटी, सफाई संपल्यावर नवी यादी मागवून दर चौतिसावं नाव उचलून पुन्हा २०० चा नमुना काढावा. आधी ५८ संशयास्पद होते, आता नऊ-दहा निघाले तर पुढे खणत जाऊ नये. उरलेल्यांत बॉट कमी आणि मूक वाचक जास्त होत गेलेले असतात, आणि प्रत्येक पुढच्या `Remove` मागे माणूस गमावण्याची शक्यता वाढत जाते. नमुन्यात वीसहून जास्त राहिले असतील, तर तारखांच्या यादीत दुसरा एखादा छोटा लोंढा राहून गेला आहे का, ते पुन्हा तपासायचं.